ब्रॉडबँडचा प्लॅन कसा तोलावा: रात्री नऊचा वेग आणि पंचविसाव्या दिवसाचा वेग

नव्या घरात सामान लागायच्या आधीच दाराच्या फटीतून ब्रॉडबँडची पत्रकं यायला लागतात. एकावर ‘२०० एमबीपीएसपर्यंत, अनलिमिटेड, फक्त ६०० रुपये’, दुसऱ्यावर १०० एमबीपीएस, तिसऱ्यावर ५०. पहिल्यांदाच घरी नेट घेणारा माणूस साहजिकच सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा आकडा शोधतो. पण त्या मोठ्या आकड्याशी आपला रोजचा संबंध फार थोडा येतो. नेट चांगलं की वाईट हे ठरतं दोन वेळी. एक, रात्री नऊला, सगळी बिल्डिंग ऑनलाइन असते तेव्हा. दुसरी, महिना संपत आलेला असतो आणि डेटाची मर्यादा संपलेली असू शकते तेव्हा. या दोन वेळचे वेग पत्रकावर एकतर नसतातच, नाहीतर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असतात. ते शोधून काढायचे आणि त्यांच्यावरच तुलना करायची, एवढंच इथे सांगायचं आहे.

पहिली पायरी: पत्रकाचं एका ओळीत रूपांतर करा

कागद घ्या आणि प्रत्येक प्लॅनसाठी पाच गोष्टी लिहा: जाहिरातीतला वेग, संध्याकाळी खरोखर मिळणारा वेग, महिन्याची डेटा मर्यादा, मर्यादा संपल्यावरचा वेग, आणि जीएसटी धरून महिन्याचा खर्च. दुसरा रकाना सध्या रिकामाच राहील, तो आपण पुढे भरू. बाकीचे चार मात्र विक्रेत्याने तिथल्या तिथे सांगायला हवेत. नाही सांगितले तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा दूरसंचार नियामक ट्रायच्या tariff.trai.gov.in या पोर्टलवर प्लॅनचा तपशील शोधा. स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर त्याला व्हॉट्सॲपवर विचारा. तोंडी ‘अनलिमिटेड आहे हो साहेब’ नंतर कुठेच दाखवता येत नाही, मेसेज दाखवता येतो.

जीएसटी १८ टक्के असतो, म्हणजे ६०० चे ७०८ होतात आणि ५०० चे ५९०. पत्रकावर तो बहुधा धरलेला नसतो. एका खोलीच्या घरात राहून परीक्षेची तयारी करणाऱ्याला हा फरक नक्कीच जाणवतो.

एककाचा गोंधळ इथेच मिटवून टाकू. वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला साडेबारा एमबीच दिसणार. ते बघून ‘आठपट कमी वेग देतात’ म्हणून कस्टमर केअरला फोन लावू नका. तिथला माणूस अशा फोनला कंटाळलेला असतो आणि तुमची पुढची खरी तक्रारही तो त्याच कानाने ऐकतो.

‘पर्यंत’चा वेग आणि हमीचा वेग

भारतात घरगुती ब्रॉडबँडच्या पत्रकावर किमान वेगाची हमी जवळपास कुठेच नसते. जो आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा. तुमच्या खात्याला तिकडे यंत्रात तेवढा वेग लावून दिलेला असतो, त्याच्या वर लाइन जाणार नाही. खाली किती जाईल याबद्दल पत्रक गप्प असतं. ट्रायच्या २००६ च्या गुणवत्ता नियमांत, घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा अशी अपेक्षा होती. पण ती कंपनीच्या नोडपासून, म्हणजे तुमच्या भागातल्या तिच्या जोडणीच्या ठिकाणापासून, तुमच्यापर्यंत. नोडच्या पलीकडे, म्हणजे जिथे खरी गर्दी होते तिथे काय, हे त्या आकड्यात येत नव्हतं. २०२४ मध्ये ट्रायने त्या नियमांच्या जागी नवे नियम आणले. तरी ‘रात्री नऊला अमुक वेग नक्की’ असं लिहिलेला घरगुती प्लॅन दुकानात मागून मिळेल या आशेवर राहू नका.

लंडनला किंवा स्लाउला राहणाऱ्या मराठी मंडळींची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या आचारसंहितेवर सही केलेल्या कंपन्यांना १ मार्च २०१९ पासून विक्रीच्या वेळीच किमान हमीचा वेग सांगावा लागतो. वेग त्याखाली गेला आणि कंपनीला ३० दिवसांत तो सुधारता आला नाही, तर ग्राहक दंड न भरता करार सोडू शकतो. तिकडे राहणाऱ्यांनी तो आकडा ईमेलमध्ये जपून ठेवावा, कारण करारातून बाहेर पडायचा रस्ता त्यातूनच जातो. इकडे हमी हवी असेल तर लीज्ड लाइन घ्यावी लागते. त्यात १:१ वेग असतो, म्हणजे तो दुसऱ्या कुणाशी वाटून घेतलेला नसतो. पण तिचे पैसे घरगुती प्लॅनच्या कित्येक पट असतात. ती ऑफिसं आणि हॉस्पिटलांसाठी असते, घरासाठी नाही.

वेग का पडतो हे एकदा कळलं की पुढची चौकशी नेमकी करता येते. फायबरचं कनेक्शन म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत स्वतंत्र तार असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी जीपॉन नावाची पद्धत असते. तिच्यात एका फायबरवरून खाली साधारण अडीच हजार एमबीपीएस येतात, आणि वाटेतल्या स्प्लिटरमधून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकदम सगळा वेग मागितला तर प्रत्येकाला ३९ एमबीपीएस येतील, ३२ घरं असतील तर ७८. प्रत्यक्षात सगळे एकदम मागत नाहीत, म्हणूनच त्याच फायबरवर प्रत्येकाला २०० चा प्लॅन विकता येतो आणि दिवसा तो मिळतोही.

खरी अडचण बहुधा याच्याही मागे असते. समजा, स्थानिक ऑपरेटरने मोठ्या कंपनीकडून १ हजार एमबीपीएस घेतले आणि ४०० घरांना जोडण्या दिल्या. रात्री त्यातली दीडशे घरं एकाच वेळी व्हिडिओ बघत असतील तर वाट्याला सात एमबीपीएससुद्धा धड येत नाहीत, मग प्लॅन २०० चा असो की ५० चा. ऑपरेटरने ग्राहक वाढवले आणि मागची लाइन तेवढीच ठेवली, तर दिवाळीपर्यंत झकास चालणारं नेट शिमग्याला रडायला लागतं.

दुसरी पायरी: रात्री नऊचा वेग घेण्याआधीच काढा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच कुणी करत नाही. तुमच्याच बिल्डिंगमध्ये, नाहीतर त्याच गल्लीत, ती कंपनी वापरणारं एखादं घर शोधा. त्याच कंपनीचं नेट चार किलोमीटरवर कसं चालतं याचा उपयोग नाही, कारण स्प्लिटर वेगळा, ऑपरेटर वेगळा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाचं नेट चांगलं?’ एवढंच विचारलं तर दहा मतं येतील. त्याऐवजी सरळ विनंती करा: ‘काका, आज रात्री नऊ ते दहाच्या मध्ये एकदा वेग मोजून स्क्रीनशॉट पाठवाल का? आणि तुमचा प्लॅन किती एमबीपीएसचा आहे?’ तीन-चार संध्याकाळचे आकडे मिळाले की त्यातला सगळ्यात कमी आकडा रिकाम्या रकान्यात लिहा. तो तुमच्यापुरता हमीचा वेग. सरासरी काढू नका. व्हिडिओ कॉल अडकतो तो सर्वात वाईट मिनिटाला, सरासरीला नाही.

मोजण्याचीही एक पद्धत आहे. वायफायवर, दोन भिंतींपलीकडून मोबाइलने मोजलेला वेग हा तुमच्या भिंतींचा वेग असतो. जमलं तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून मोजा. जोडल्यावर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये Link speed बघा. तिथे 1000/1000 दिसायला हवं. 100/100 दिसत असेल तर पोर्ट किंवा केबल जुनी आहे. मग प्लॅन २०० चा असला तरी चाचणीत ९४-९५ च्या वर काही येणार नाही, आणि त्यात कंपनीचा दोष नाही.

दुसरी गोष्ट थोडी बेरकी आहे. वेग मोजणारी ॲप बहुधा जवळचा सर्व्हर निवडतात, आणि तो अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. म्हणजे पेपर काढणारा आणि तपासणारा एकच. त्यामुळे ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला सर्व्हर हाताने निवडून पुन्हा मोजा. नंतर fast.com उघडून बघा. ही चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून होते. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपले साठा-सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवतात, म्हणून यूट्यूब घोड्यासारखं पळतं आणि ऑफिसचं व्हीपीएन बैलगाडीने येतं, असं एकाच लाइनवर घडू शकतं. घरून काम करणाऱ्याने दूरच्या सर्व्हरचा आकडा धरावा. फक्त मालिका बघणाऱ्याला जवळचा पुरे.

केबलवाल्याला विचारायचे प्रश्न दोनच. फायबर थेट घरात येणार की जिन्यातल्या डब्यापर्यंत फायबर आणि पुढे लॅनची तार? आणि मागे कुठल्या कंपनीची लाइन आहे? हे प्रश्न पत्रकं वाटणाऱ्या पोराला नाही, वायर ओढणाऱ्या माणसाला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं आणि तो विक्रीच्या कमिशनवर जगत नाही. जिन्यातल्या डब्याला इन्व्हर्टर किंवा यूपीएस आहे का, हेही त्याच्याकडूनच कळेल. ते नसेल तर वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट जाणार.

तिसरी पायरी: आपली गरज मोजा, वेगाची आणि डेटाची वेगवेगळी

वेग म्हणजे एका क्षणी लागणारा पाट, डेटा म्हणजे महिनाभरात वाहून गेलेलं पाणी. दोन्हींचे हिशोब निराळे, आणि नवखे लोक ते एकत्र करून टाकतात.

एक नमुन्याचं घर घेऊ. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, आई घरून काम करते, बाबा बाहेर, मुलगी कॉलेजात, आजोबा टीव्हीसमोर. दारावर एक कॅमेरा आहे, त्याचं चित्रण चोवीस तास क्लाउडवर साठतं.

रात्री नऊला वेग किती लागेल? आजोबांची एचडी मालिका ५ एमबीपीएस, मुलीच्या लॅपटॉपवरचा व्हिडिओ आणखी ५, आईचा अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉल ४, दोन मोबाइलवर रील्स मिळून ४. बेरीज १८. थोडी मोकळीक धरून २५ ठेवा. टीव्ही फोर-के असेल तर एकट्या त्याला १५ लागतील, मग ३५ धरा. म्हणजे चार माणसांच्या घराला ३५ चा पक्का वेग पुरेसा होतो. हा आकडा ऐकून बरेच जण चकित होतात, कारण जाहिरातीत १०० च्या खाली बोलायची पद्धत उरलेली नाही.

आता महिन्याचा डेटा. नेटफ्लिक्स एचडीसाठी तासाला ३ जीबीपर्यंत सांगतं, फोर-केसाठी ७ जीबीपर्यंत. आजोबांचे रोजचे चार तास एचडी म्हणजे १२ जीबी, महिन्याचे ३६०. आईचे व्हिडिओ कॉल तासाला सव्वा जीबीच्या आसपास, रोज चार तास, २२ दिवस: ११० जीबी. तिच्या ऑफिसच्या फाइली २० जीबी. मुलीचे व्हिडिओ महिन्याला ९० जीबी, आणि तिने एखादा मोठा गेम उतरवला तर १०० जीबी एका रात्रीत. चार मोबाइलचे रील्स, अपडेट, फोटोंचा बॅकअप मिळून रोजचे ६, महिन्याचे १८०. एकूण झाले ८६०.

कॅमेरा अजून धरलेलाच नाही. तो दिसायला मुठीएवढा असतो आणि चित्रण पाठवतो फक्त १ एमबीपीएसने, पण थांबत नाही. दिवसाला १०.८ जीबी, महिन्याला ३२४. अपलोडही डेटा मर्यादेत मोजलं जातं, हे लक्षात न आल्यामुळे ‘आमच्याकडे तर कुणी फार बघतही नाही’ असं म्हणणाऱ्यांचा कोटा संपतो. कॅमेरा धरून बेरीज ११८४ जीबी. तो चोवीस तास चालवण्याऐवजी हालचाल झाली तरच चित्रण करील असा लावला, तर यातला मोठा भाग वाचतो.

‘अनलिमिटेड’ला किती मर्यादा असते

जवळपास प्रत्येक अनलिमिटेड घरगुती प्लॅनला एक आकडा जोडलेला असतो. त्याला एफयूपी म्हणतात, म्हणजे पूर्ण वेगाने किती डेटा देणार याची हद्द. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबर आलं तेव्हा ६९९ च्या प्लॅनमध्ये मूळ डेटा १०० जीबी होता, वर आणखी ५० जीबी जोडून. पुढच्या वर्षी चढाओढ वाढली आणि मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये ३३०० जीबी हा आकडा रुळला. आता ‘अनलिमिटेड’ म्हटलं की तोच आकडा समजायचा असं झालं आहे. पण हवेतून येणाऱ्या ५जी कनेक्शनला, म्हणजे गच्चीत किंवा खिडकीत डबा लावतात त्याला, मर्यादा बऱ्याचदा १००० जीबीची असते. टॉवरची क्षमता मोबाइलवाल्यांशी वाटून घ्यावी लागते, हे त्यामागचं कारण. पत्रकं दोन्हींची सारखीच चकचकीत असतात.

३३०० जीबी म्हणजे किती? दिवसाला ११०. वर काढलेलं घर कॅमेऱ्यासकट दिवसाला ४० च्या आत आहे, म्हणजे या घराने ३३०० ची चिंताच करू नये. १००० जीबी मात्र त्याच घराला पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास संपतील. आणि एक विचित्र गोष्ट: १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून अखंड चालवली तर ३३०० जीबी जेमतेम तीन दिवसांत संपतात. तसं घरी कुणी वापरत नाही, पण चार पोरांनी भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकच कनेक्शन घेतलं आणि एकाचा टोरेंट रात्रंदिवस चालू राहिला, तर ३३०० संपलेले बघायला मिळतात.

मर्यादा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, महिन्याच्या एक तारखेपासून नाही. कनेक्शन १२ तारखेला लागलं असेल तर कोटा १२ ला नवा होतो. उरलेला डेटा पुढे सरकेल असं गृहीत धरू नका. काही स्थानिक प्लॅनमध्ये महिन्याऐवजी दिवसाची मर्यादा असते. तीत रविवारचा एक क्रिकेटचा सामना आणि एक गेम एवढ्यात दिवस आटोपतो, म्हणून माझ्या मते दिवसाच्या मर्यादेचा प्लॅन घरासाठी घेऊच नये.

मर्यादेनंतर नेट जातं कुठे

नेट बंद होत नाही, गळा आवळला जातो. किती आवळायचा याला खालची हद्द आहे. ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्देश दिला की फिक्स्ड ब्रॉडबँडचा डाउनलोड वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसखाली, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसखाली, नेऊ नये, आणि ग्राहकाचा वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की त्याला एसएमएस किंवा ईमेलने कळवावं. हे इशारे येत नसतील तर कंपनीकडे तुमचा जुना नंबर नोंदलेला आहे का ते आधी बघा. भाड्याच्या घरात हा नंबर अनेकदा घरमालकाचा निघतो.

प्लॅनप्लॅनमध्ये मर्यादेनंतरचा वेग १, २ किंवा ४ एमबीपीएस असा बदलतो. कागदावर हे तिन्ही किरकोळ दिसतात, पण घरात त्यांचा फरक दिवसरात्रीइतका आहे. ४ एमबीपीएसवर एक टीव्ही साध्या दर्जात चालतो आणि शेजारी एक मोबाइलही. २ वर एकच व्हिडिओ. १ वर व्हिडिओ कॉलमध्ये आवाज येतो, चित्र थिजतं. ५१२ केबीपीएसवर तीन एमबीचं एक साधं पान उघडायला ४८ सेकंद लागतात, म्हणजे बँकेचं पान अर्धवट येऊन सेशन संपायची वेळ येते. पुष्कळदा अपलोडचाही वेग तेवढाच केला जातो. अशा वेळी दारावरचा कॅमेरा १ एमबीपीएसचं सगळं अपलोड एकटाच गिळून बसतो आणि आईचा कॉल तिच्या बाजूने मुका होतो. डाउनलोड मोजलं तर ‘एक येतंय की’ असंच दिसणार. कोटा संपलेल्या घराने पहिलं काम करायचं ते कॅमेऱ्याची तार काढायचं.

तिन्ही प्लॅन समोर मांडा

पुण्याच्या त्याच घराकडे आलेली तीन पत्रकं घ्या. कंपन्यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत, आकडे नमुन्याचे आहेत. संध्याकाळचा वेग शेजाऱ्यांकडून मागवलेला, सगळ्यात कमी.

| | अ: स्थानिक फायबर | ब: दुसरं फायबर | क: ५जी डबा |
|---|---|---|---|
| जाहिरातीतला वेग | २०० एमबीपीएस | ५० एमबीपीएस | १०० एमबीपीएस |
| रात्री नऊचा नीचांक | १४ | ४३ | २२ |
| मर्यादा | ३३०० जीबी | ३३०० जीबी | १००० जीबी |
| मर्यादेनंतर | २ एमबीपीएस | ४ एमबीपीएस | १ एमबीपीएस |
| जीएसटीसह महिना | ७०८ रुपये | ५९० रुपये | ७०८ रुपये |

पहिल्या ओळीवर ‘अ’ सरळ जिंकतो. पण घराला रात्री २५ हवेत आणि तो १४ देतो. आजोबांची मालिका, आईचा कॉल आणि मोबाइलवरचे रील्स एकत्र चालले की मुलीच्या व्हिडिओला नेट उरत नाही. ‘क’ला २२ आहेत, काठावर आहे, टीव्ही फोर-के झाला की संपलं. शिवाय त्याचे १००० जीबी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास आटोपतात आणि पुढचे पाच दिवस १ एमबीपीएसवर काढायचे. घरून काम करणाऱ्या माणसासाठी ते पाच दिवस म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटचा वेगळा खर्च. ‘ब’ जाहिरातीत सगळ्यात लहान आहे आणि या घराला तोच पुरतो, आजही आणि फोर-के टीव्ही आल्यावरही.

दोन प्लॅन जवळजवळ असतील तेव्हा मी एक साधा भागाकार करतो: महिन्याचे पैसे भागिले रात्रीचा नीचांक. ‘अ’मध्ये हमीचा एक एमबीपीएस पन्नास रुपयांना पडतो, ‘क’मध्ये बत्तीसला, ‘ब’मध्ये चौदाच्या आत. जाहिरातीतला वेग घेऊन भागाकार केला असता तर नेमका उलटा निकाल आला असता: ‘अ’ साडेतीन रुपये, ‘ब’ जवळपास बारा.

‘क’च्या बाजूनेही बोललं पाहिजे. एकटा राहणारा, महिन्याला तीनशे जीबी वापरणारा, दर वर्षी घर बदलणारा माणूस असेल तर १००० ची मर्यादा त्याला कधी दिसणारही नाही आणि डबा उचलून पुढच्या घरी नेता येतो. जिथे फायबर पोचलेलंच नाही अशा गावात तर तुलनेचा प्रश्नच येत नाही. फक्त डबा बसवायच्या आधी मोबाइलवर त्याच कंपनीचं ५जी घेऊन त्याच खिडकीत रात्री मोजून बघा.

घेताना आणि घेतल्यावर

पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा. वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फुकट, अशी ऑफर असतेच, पण पहिला महिना म्हणजे तुमची स्वतःची चाचणी. त्यात सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला वेग मोजून तारखेसकट लिहून ठेवा. पटलं तर मग वर्षाचा विचार करा.

वेग पडला की कारण ओळखायला शिका, कारण तिन्ही कारणांवर उपाय वेगळे आहेत. पहाटे चारला आणि रात्री नऊला आकडा तोच येत असेल, आणि तो बरोबर १, २ किंवा ४ च्या आसपास चिकटून बसला असेल, तर मर्यादा संपली आहे. ॲपमध्ये वापर तपासा, वाट बघा किंवा टॉप-अप घ्या. पहाटे १८० आणि रात्री १४ येत असेल तर मागे गर्दी आहे. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी फरक पडणार नाही, आणि मोठा प्लॅन घेतला तरीही नाही, कारण अडचण तुमच्या खात्याच्या मर्यादेत नाहीच. हे कळायला लोकांना दोनदा जास्त पैसे भरावे लागतात. आणि वेग कुठल्याही वेळी मनमानी वर-खाली होत असेल, मधूनच तुटत असेल, तर लाइनमध्ये दोष आहे. त्यासाठी विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, हे चालवा:

```
ping -n 50 8.8.8.8
```

शेवटी lost समोर शून्य हवं. पाठवलेल्या पन्नास संदेशांतले चार-पाच हरवत असतील आणि लॅपटॉप केबलनेच जोडलेला असेल, तर फायबर कुठेतरी वाकलेलं किंवा कनेक्टर मळलेला असण्याची शक्यता मोठी. घरातल्या फायबरच्या डब्यावरचा लॉस नावाचा लाल दिवा लागला असेल तर चाचणीही नको, लाइनच तुटली आहे.

गर्दीची तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असं म्हणू नका. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: राउटर रीस्टार्ट करा. तारखा, वेळा, केबलने जोडून मोजलेले आकडे आणि पहाटेचा आकडा एकत्र द्या, आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथेही डॉकेट नंबरच विचारतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे. कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, पण महिन्याला ७०८ रुपयांच्या कनेक्शनसाठी कंपनी बदलणं बहुतेकांना स्वस्त पडतं.

बदलताना जुनं कनेक्शन लगेच तोडू नका. नवं लागल्यावर चार-पाच रात्री दोन्ही चालू ठेवा. जुनं सोडताना डबा आणि त्याचा अडॅप्टर परत दिल्याची पावती घ्या, तीवर डब्याचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि अनामत भरली असेल तर तिचा उल्लेखही. डबा उचलून नेणारा पोरगा ‘मेसेज येईल’ म्हणेल. तो यायच्या आधी त्याला दारातून हलू देऊ नका.